कंट्रोलर चार्ज होतो पण केबलने कनेक्ट होत नाही: केबलमध्ये डेटाच्या तारा आहेत का ते आधी बघा

प्रश्न: पीएस4 चा ड्युअलशॉक 4 आहे, लॅपटॉपला केबल लावली की केशरी लाईट लुकलुकतो, बॅटरी पण भरते, पण विंडोजमध्ये कंट्रोलर दिसतच नाही, साधा टुंग आवाज पण येत नाही. पोर्ट बदलून बघितले, ड्रायव्हर दोनदा टाकला, ब्लूटूथने मात्र मस्त चालतो. कंट्रोलरचं पोर्ट गेलंय का? दुकानवाला बोर्ड बदलायला सांगतोय.

उत्तर:

बोर्ड बदलायच्या आधी थांबा. तुम्ही लिहिलंय की आवाज पण येत नाही, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पूर्ण प्रश्नात तीच सगळ्यात कामाची माहिती आहे. मी कंट्रोलर रिपेअरचं काम करतो आणि असा कंट्रोलर काउंटरवर आला की स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मी गिऱ्हाइकाची केबल मागतो. बऱ्याचदा ती ट्रिमरबरोबर, नेकबँडबरोबर नाहीतर पॉवर बँकच्या डब्यात आलेली असते, आणि तिथेच उत्तर मिळतं. त्या केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात.

साध्या यूएसबी 2.0 केबलमध्ये चार तारा लागतात. लाल तारेतून 5 व्होल्ट येतात, काळी ग्राउंड, आणि हिरवी आणि पांढरी या दोन डेटाच्या, हिरवीला डी प्लस म्हणतात आणि पांढरीला डी मायनस. कंट्रोलरची बॅटरी भरायला फक्त लाल आणि काळी पुरते, आतल्या चार्जिंग आयसीला 5 व्होल्ट मिळाले की तो कामाला लागतो, पलीकडे लॅपटॉप आहे का भिंतीतला चार्जर आहे याच्याशी चार्जिंग सुरू होण्याचा काही संबंध नाही. म्हणून केशरी लाईट दिसला म्हणजे केबल चांगली आहे असं समजू नका, तो लाईट फक्त वीज पोचतेय एवढंच सांगतो. ट्रिमर किंवा नेकबँड बनवणाऱ्या कंपनीला डेटाची गरजच नसते, मग ती दोन तारांचं तांबं वाचवते आणि दोन तारांची केबल डब्यात टाकते. यात फसवणूक काही नाही, त्या वस्तूसाठी ती केबल बरोबरच आहे. घोळ होतो तो आपल्याकडे, कारण सगळ्या केबल एकाच ड्रॉवरमध्ये जातात आणि बाहेरून एकसारख्या दिसतात.

आता आवाज का येत नाही ते बघू, कारण पुढची सगळी तपासणी यावरच उभी आहे. लॅपटॉपच्या पोर्टमध्ये दोन्ही डेटा लाईन 15 किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे खेचून ठेवलेल्या असतात, म्हणजे काही लावलेलं नसताना दोन्हीवर जवळजवळ शून्य व्होल्ट. ड्युअलशॉक 4 फुल स्पीड डिव्हाइस आहे, म्हणजे 12 मेगाबिटवाला, आणि असं डिव्हाइस आपल्या बाजूने डी प्लस लाईन 1.5 किलोओहमच्या रेझिस्टरमधून 3.3 व्होल्टला जोडतं. दोन्ही रेझिस्टर मिळून हिशोब केला तर डी प्लसवर साधारण 3 व्होल्ट येतात, आणि तेवढं दिसलं की लॅपटॉपला कळतं की कोणीतरी आलंय. मग तो रिसेट देतो, तू कोण आहेस असं विचारतो, कंट्रोलर आपला नंबर आणि नाव सांगतो, आणि त्यानंतर विंडोज टुंग वाजवून ड्रायव्हर शोधायला लागतं. डी प्लसची तारच नसेल तर यातलं पहिलं पाऊलच पडत नाही. लॅपटॉपला काही लावलंय हेच कळत नाही, म्हणून आवाज नाही, एरर नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण पण नाही. आणि ज्याला डिव्हाइस दिसतच नाही त्या विंडोजला ड्रायव्हर देऊन उपयोग काय, तुम्ही दोनदाच्या ऐवजी वीसदा टाकला असता तरी फरक पडला नसता.

यावरून एक चांगली खूण हाताला लागते. पूर्ण शांतता असेल तर डी प्लस पोचत नाहीये, आणि याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे चार्जिंगवाली केबल. पण आवाज आला आणि `USB device not recognized` असा मेसेज आला, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Unknown USB Device` आणि पुढे `Device Descriptor Request Failed` दिसलं, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा डी प्लस पोचलेली असते, लॅपटॉपने हाक पण मारलेली असते, पण उत्तर नीट येत नाही. त्याला डी मायनस तुटलेली असणं, पिन घाण असणं, केबल आतून अर्धवट तुटलेली असणं किंवा कंट्रोलरच्या आत काही बिघाड असणं अशी कारणं असतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे केबल थोडी वाकवली की टुंग, सोडली की पुन्हा टुंग, तिथे केबलची मान तरी तुटत आलेली असते किंवा कंट्रोलरचं सॉकेट तरी सैल झालेलं असतं. तुमचा प्रकार पहिला आहे, म्हणून संशय आधी केबलवर.

आता खात्री कशी करायची. सगळ्यात आधी लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा. हे लोक विसरतात आणि मग फसतात, कारण तुमचा कंट्रोलर ब्लूटूथने आधीच जोडलेला आहे, आणि `joy.cpl` ही विंडोजची गेम कंट्रोलरची यादी उघडली की ब्लूटूथवर असला काय आणि केबलवर असला काय नाव तेच दिसतं, `Wireless Controller`. मग माणूस म्हणतो की केबल लावली आणि चालू झाला, आणि प्रत्यक्षात तो ब्लूटूथनेच चालू झालेला असतो. घरात पीएस4 असेल तर तो पण प्लगपासून बंद ठेवा, नाहीतर पीएस बटण दाबल्यावर कंट्रोलर तिकडे जाऊन कन्सोल चालू करू शकतो.

ब्लूटूथ बंद झालं की केबल लावा आणि पॉवरशेलमध्ये ही एक ओळ टाका:

```
Get-PnpDevice -PresentOnly | Where-Object InstanceId -like 'USB\VID_054C*'
```

054C हा सोनीचा यूएसबी नंबर. केबलने डेटा जात असेल तर खाली काही ओळी येतात आणि त्यात `PID_05C4` दिसलं तर तुमचा ड्युअलशॉक 4 जुन्या व्हर्जनचा, `PID_09CC` दिसलं तर 2016 नंतरचा, आणि पीएस5 चा ड्युअलसेन्स असेल तर `PID_0CE6`. काहीच आलं नाही तर केबलवरून सोनीचं काहीही पोचलेलं नाही. ब्लूटूथवरचं डिव्हाइस या यादीत येत नाही कारण त्याची ओळख `USB` ने सुरू होत नाही, म्हणून मला ही ओळ `joy.cpl` पेक्षा जास्त भरवशाची वाटते. लिनक्सवाल्यांनी सरळ `lsusb` मारून 054c शोधायचं.

यादी रिकामी आली तरी अजून केबलच दोषी असं सिद्ध झालेलं नाही, कंट्रोलरचं पोर्ट पण असू शकतं. दोघांना वेगळं करायला जुना मायक्रो यूएसबीवाला अँड्रॉइड फोन शोधा, प्रत्येक घरात एखादा पडलेला असतो. तीच केबल, लॅपटॉपचं तेच पोर्ट, फक्त कंट्रोलरच्या जागी फोन. फोन अनलॉक करा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबीचा पर्याय दिसतोय का बघा, दिसला तर फाइल ट्रान्सफर निवडा. लॅपटॉपमध्ये फोनचे फोटो उघडले तर केबल निर्दोष आहे, मग पुढे कंट्रोलरकडे बघायचं. फोन नुसताच चार्ज होत राहिला, फाइल ट्रान्सफरचा पर्यायच आला नाही, तर केबल चार्जिंगवाली आहे किंवा तिच्या डेटाच्या तारा तुटल्यात, दोन्हीत इलाज एकच. घाईत एक गडबड होते, फोन लॉक ठेवून किंवा पर्याय न निवडता लोक ठरवून टाकतात की केबल खराब आहे. फाइल ट्रान्सफर निवडल्याशिवाय हा निकाल धरू नका.

फोन नसेल तर केबलच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. बऱ्याच केबलवर बारीक अक्षरात `28AWG/1P+24AWG/2C` असं काहीतरी असतं. यातलं 1P म्हणजे एक जोडी, आणि ती जोडी डेटाची. 2C म्हणजे दोन कंडक्टर, ते पॉवरचे. आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, म्हणजे 24 ही 28 पेक्षा जाड. नुसतं 2C असेल आणि P चा पत्ताच नसेल तर डेटाची आशा सोडा. उलट बाजू पण सांगतो, छापलेलं असलं म्हणजे आत असेलच असं नाही, एकदम स्वस्त केबलवर वाटेल ते छापतात, पण ब्रँडेड केबलला ही खूण चांगली चालते.

जाडीवरून मात्र अजिबात अंदाज बांधू नका. जाड कापडी वेणीची दणकट केबल फक्त चार्जिंगची निघते आणि जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली सुतळीसारखी बारीक केबल डेटा देते, असं मी नेहमी बघतो. यूएसबी ए टोकाच्या आत डोकावून पण पूर्ण खात्री होत नाही. तिथे चार सोनेरी पट्ट्या असतात, बाहेरच्या दोन पॉवरच्या आणि मधल्या दोन डेटाच्या. मधल्या दोन पट्ट्याच नसतील तर प्रश्न मिटला, पण बऱ्याच चार्जिंग केबलमध्ये पट्ट्या चारही असतात आणि मागे तारा दोनच जोडलेल्या असतात.

मल्टीमीटर असेल तर कंटिन्युइटीवर लावून ए टोकाची मधली प्रत्येक पट्टी मायक्रो टोकाच्या पिनपर्यंत जाते का ते तपासता येतं, फक्त मायक्रोच्या पिन इतक्या बारीक की प्रोबला सुई बांधावी लागते, आणि एवढं करण्यापेक्षा फोनची टेस्ट सोपी. मीटर हातात आहेच तर एक मजा बघा. काही चार्जिंग केबलमध्ये कंट्रोलरकडच्या टोकाला डी प्लस आणि डी मायनस एकमेकींना शॉर्ट केलेल्या असतात. यूएसबीच्या चार्जिंग स्टँडर्डमध्ये भिंतीतल्या चार्जरची ओळख अशीच ठरलेली आहे, दोन्ही डेटा लाईन एकमेकींना जोडलेल्या दिसल्या की डिव्हाइसला वाटतं हा चार्जर आहे, इथून जास्त करंट ओढला तरी चालेल. म्हणजे अशी केबल लॅपटॉपला लावली तरी कंट्रोलरला वाटतं आपण चार्जरला लागलोय, आणि तो डेटाच्या भानगडीत पडतच नाही. काही केबलने फोन जोरात चार्ज होतो पण कधीच कनेक्ट होत नाही त्याचं एक कारण हे.

आता समजा तुमच्या फोनने सांगितलं की केबल चांगली आहे. तर मग कंट्रोलर. आधी टॉर्च मारून सॉकेट बघा, खिशातला कापूस आणि धूळ आत दाबली गेलेली असते, त्यामुळे प्लग पूर्ण बसत नाही. कंट्रोलर बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, पिन किंवा सुई वापरू नका. मग रिसेट, मागच्या बाजूला एल2 जवळ एक बारीक भोक आहे, त्यात पेपर क्लिप घालून चारपाच सेकंद दाबायचं. रिसेटने तुटलेली तार जोडली जात नाही हे उघड आहे, पण त्यात वेळ जात नाही म्हणून करून घ्या.

मागे एक ड्युअलशॉक माझ्याकडे आला होता, त्याचा किस्सा इथे उपयोगी आहे. कॉलेजचा मुलगा, तक्रार तुमच्यासारखीच, चार्ज होतो पण कनेक्ट नाही, आणि दुसऱ्या एकाकडून चार्जिंग बोर्ड आधीच बदलून आणलेला. माझी रोजची टेस्टिंग केबल लावली तर शांतता नव्हती, `Unknown USB Device` येत होतं. म्हणजे केबलचा विषय तिथेच संपला. ड्युअलशॉक 4 मध्ये मायक्रो यूएसबी सॉकेट मेन बोर्डवर नसतं, ते एका छोट्या वेगळ्या बोर्डवर असतं, लाईटबारचे एलईडी पण त्याच बोर्डवर, आणि तिथून मेन बोर्डपर्यंत एक पातळ रिबन जाते, मॉडेलप्रमाणे 12 पिनची किंवा 14 पिनची. पॉवर, डेटा आणि लाईट, सगळं त्याच रिबनमधून. मी त्याला विचारलं लाईटबारचा रंग नीट येतो का, तर म्हणाला बोर्ड बदलल्यापासून कधी कधी विचित्र रंग येतो. मग काय, उघडून बघितलं तर रिबन कनेक्टरमध्ये किंचित तिरकी बसलेली, एका बाजूच्या पिन लागत होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या अर्ध्यामुर्ध्या. काढून टोक पुसलं, सरळ बसवली, वरच्या ओळीने `PID_09CC` दाखवलं आणि लाईटचा रंग पण सुधारला. सांगायचा मुद्दा हा की तुमच्या दुकानवाल्याने बोर्ड बदलायचंच म्हटलं तर आधी त्याला त्याच्या स्वतःच्या डेटा केबलवर तुमचा कंट्रोलर लावून दाखवायला सांगा. त्याच्या केबलवर दिसला तर बोर्डाचे पैसे वाचले.

ड्युअलसेन्स किंवा नवीन एक्सबॉक्स कंट्रोलर म्हणजे टाइप सी पोर्टवाले असतील त्यांना एक जास्तीची टेस्ट फुकट मिळते, प्लग उलटा करून लावा. टाइप सी केबलच्या प्लगमध्ये यूएसबी 2.0 ची डेटा जोडी एकाच बाजूला असते, आणि सॉकेटमध्ये मात्र दोन्ही बाजूंना पिन असतात म्हणून कसाही लावला तरी चालतो. एका बाजूने लावला तर कनेक्ट होतो आणि उलटा लावला तर नुसता चार्ज होतो असं झालं, तर केबलमध्ये डेटाच्या तारा नक्की आहेत आणि सॉकेटच्या एका बाजूची पिन घाण किंवा वाकलेली आहे. टाइप सीमध्ये अजून एक गैरसमज चालतो की 60 वॉट किंवा 100 वॉट लिहिलेली केबल म्हणजे फक्त चार्जिंगची. तसं नाही, त्यातल्या बहुतेक केबलमध्ये यूएसबी 2.0 ची जोडी असते, 480 मेगाबिटवाली, आणि कंट्रोलरला त्याहून जास्त काही लागत नाही. म्हणून थंडरबोल्टची महागडी केबल घेऊन पैसे घालवू नका. उलट काही वस्तूंबरोबर येणाऱ्या ए टू सी आखूड केबलबद्दल सावध रहा, चार्जिंगवाल्या मला त्यात जास्त सापडतात.

एक्सबॉक्सवाल्यांना हा घोळ ओळखणं थोडं अवघड जातं कारण त्यांचा कंट्रोलर चार्जिंगच्या केबलवरही मस्त खेळू देतो, केबलमधून वीज घेतो आणि बोलतो वायरलेसने, मग माणसाला वाटतं आपण वायर्ड खेळतोय. ज्या पीसीला वायरलेस नाही तिथे तीच केबल लावली की लोगोचा लाईट लुकलुकत राहतो, म्हणजे तो कोणालातरी शोधतोय. डेटा केबल असेल तर लाईट स्थिर होतो.

कन्सोलवर अजून एक गोष्ट आहे जी केबल चांगली असूनही तुम्हाला गोंधळात टाकेल. पीएस4 आणि पीएस5 वर डेटा केबल लावली तरी कंट्रोलर ब्लूटूथवरच राहू शकतो, कारण ते सेटिंगवर ठरतं. पीएस4 वर `Settings > Devices > Controllers > Communication Method` मध्ये जाऊन `Use USB Cable` करावं लागतं, पीएस5 वर `Communication Method` हा पर्याय `Accessories` मध्ये आहे. निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरला पण `Pro Controller Wired Communication` बंद असेल तर केबल लावून नुसतं चार्जिंग होतं. म्हणून कन्सोलवर टेस्ट करून केबलला दोष देऊ नका, आधी सेटिंग बघा किंवा पीसीवर टेस्ट करा. याउलट नवीन कंट्रोलर पीएस4 ला पहिल्यांदा केबलने जोडताना सेटिंगचा प्रश्न येत नाही, तिथे कन्सोल केबलवरून स्वतःचा ब्लूटूथ पत्ता कंट्रोलरमध्ये लिहितो आणि मगच वायरलेस चालू होतं. चार्जिंगच्या केबलवर हे लिहिणं होतच नाही, आणि दिवाळीत नवीन घेतलेला कंट्रोलर खराब निघाला म्हणून परत करणारे यातले पण असतात. फर्मवेअर अपडेटचं पण तसंच, ड्युअलसेन्सचा अपडेट पीसीच्या ॲपमधून करताना डेटा केबल लागते. चार्जिंग स्टँडवर ठेवून हे काहीच होणार नाही, त्याचे संपर्क बिंदू फक्त पॉवरचे असतात.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: आज संध्याकाळी फोनची टेस्ट करा, आणि केबल नापास झाली तर मायक्रो यूएसबीची केबल घ्या जिच्या पाकिटावर डेटा ट्रान्सफर किंवा 480 मेगाबिट स्पष्ट लिहिलंय, लांबी एक ते दोन मीटर, तीन मीटरच्या पुढे स्वस्तातली नको कारण बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि खेळताना मध्येच तुटतं. दुकानातच फोन लावून बघू देत असतील तर तिथेच बघा. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन लावत असाल तर पहिल्यांदा ते काढून सरळ लॅपटॉपला लावा, कारण एक्स्टेन्शन केबल पण दोन तारांची येते आणि मग चांगली केबल घेऊनही तुम्ही तिथेच अडकाल. नवीन केबलवर ती पॉवरशेलची ओळ चालवून काय आलं ते इथे टाका, नंबर आला तर काम झालं, `Unknown USB Device` आलं तर रिबन आणि सॉकेटकडे बघू.